दम्याचा तीन पट्ट्यांचा कागद : डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून वसतिगृहाच्या भिंतीपर्यंत

बालरोगतज्ज्ञांची ती चिठ्ठी अवघ्या पाच ओळींची होती. इयत्ता सहावीत नव्याने दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, आईने ती घडी घालून ठेवली होती. चिठ्ठीत लिहिले होते : ‘बाळदमा. वजन ३०. बुडे दोन वेळा चालू. साल्ब २ पफ एसओएस, स्पेसरने. पीएफ बेस्ट २५०. धूर, सर्दी, थंडी टाळा. आराम नसल्यास रेफर. प्रेड ३०?’

एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरासाठी लिहिलेला मजकूर म्हणून यात काही उणे नव्हते. कार्यालयाने चिठ्ठीची प्रत काढून फाईलला लावली, पंप आणि स्पेसर औषधांच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातले. त्या हिवाळ्यात एका रात्री मुलाला धाप लागली. कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे होती आणि अधीक्षकांना झोपेतून उठविण्याचा त्याला संकोच वाटला. शेजारच्या मुलांनी त्याच्या छातीला बाम चोळला, वाफारा दिला. पहाटेपर्यंत तो खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून, पुढे वाकून बसून राहिला. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तो दिसला नाही तेव्हा आम्हांला हे कळले. मुलगा वाचला. परंतु त्या दिवशी ती चिठ्ठी फाईलमधून पुन्हा काढली असता ध्यानात आले की, रात्री दोन वाजता पहाऱ्यावर असलेल्या माणसाला उपयोगी पडेल असा एकही शब्द तिच्यात नाही.

‘एसओएस’ म्हणजे गरज पडेल तेव्हा. परंतु गरज पडली हे ओळखायचे कोणी आणि कशावरून? ‘आराम नसल्यास’ म्हणजे किती वेळ वाट पाहून? ‘रेफर’ म्हणजे कोठे, कोणत्या वाहनाने, कोणाच्या परवानगीने? आणि ‘प्रेड ३०’ पुढचे प्रश्नचिन्ह कोणी सोडवायचे? मी चिठ्ठीची एक प्रत काढली, प्रत्येक संदिग्ध शब्दाखाली रेघ मारली आणि डॉक्टरांकडे अर्धा तास मागून घेतला. आज आपल्या वसतिगृहाच्या भिंतीवर जो हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांचा कागद दिसतो, तो त्या अर्ध्या तासातून निघाला. तो कसा लिहिला गेला, हे येथे सविस्तर मांडतो. कागदातील औषधांची मात्रा त्या एका विद्यार्थ्यासाठी डॉक्टरांनी ठरविलेली आहे. दम्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा कागद त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांकडून वेगळा करून घ्यावा लागतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

लिहिण्यापूर्वी एक गोष्ट आम्हां सर्वांनाच समजून घ्यावी लागली. दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन बिघाड एकाच वेळी होतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आणि नलिकांचे आतील अस्तर सुजून त्यात चिकट कफ साचतो. साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत आवळलेले स्नायू सैल करतो. सुजेवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही. सूज उतरविण्याचे काम बुडेसोनाइडचे. ते दररोज घ्यावे लागते आणि त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून एक तात्काळ आराम देणारा पंप आणि दुसरा झटका टाळणारा पंप, असे दोन पंप मुलाजवळ असतात. ज्या झटक्यात सूज फार वाढलेली असते, तेथे आराम देणारा पंप थोडा वेळ साथ देतो आणि मग अपुरा पडू लागतो. पिवळ्या पट्ट्याला वेळेची मर्यादा का घालावी लागते, याचे कारण हेच आहे.

हिरवा पट्टा लिहिणे सोपे गेले. मूल रात्रभर शांत झोपते, खोकला नाही, छातीतून शिट्टीसारखा आवाज नाही, खेळताना इतर मुलांच्या बरोबरीने धावते. ही हिरवी अवस्था. या अवस्थेत करावयाचे काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइडचा पंप स्पेसरमधून घेणे आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकणे, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येण्याचा संभव असतो. मूल ठणठणीत दिसते म्हणून हा पंप बंद करण्याची चूक सर्वत्र होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली मुले हमखास ती करून येतात, कारण ‘पंपाची सवय लागते’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. कागदावर आम्ही सरळ लिहिले : ‘बरे वाटत असतानाही हा पंप चालू ठेवावा. बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा.’

याच पट्ट्यात आकड्याची ओळ येते. पीक फ्लो मीटर ही हातात मावणारी नळी आहे. पूर्ण श्वास घेऊन तिच्यात जोराने एकदम फुंकले की काटा पुढे सरकतो आणि हवा किती वेगाने बाहेर पडली ते मिनिटाला लिटर या मापात दाखवितो. तीनदा फुंकायचे आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. मूल बरे असताना दोन आठवडे रोज दोन वेळा असे मोजल्यावर जो सर्वोत्तम आकडा मिळतो, तो त्याचा स्वतःचा मापदंड. आपल्या विद्यार्थ्याचा तो २५० होता. चिठ्ठीतील ‘पीएफ बेस्ट’ तो हाच. त्याच्या ८० टक्के म्हणजे २०० किंवा अधिक असेल तर हिरवा, २०० च्या खाली पण १२५ पर्यंत पिवळा, आणि निम्म्याच्या म्हणजे १२५ च्या खाली लाल. टक्केवारी कागदावर मुद्दाम ठेवली नाही. रात्री दोन वाजता कोणी भागाकार करीत बसावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

टाळावयाच्या गोष्टींची ओळ ‘धूर, सर्दी, थंडी’ एवढीच होती. नृसिंहवाडीत ती पुरेशी नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की शिवारात पाचट पेटते आणि गुऱ्हाळांची चुलवणे चिपाडावर रात्रंदिवस जळत राहतात. डिसेंबर-जानेवारीत कृष्णा-पंचगंगेच्या काठचे धुके हा धूर जमिनीलगत धरून ठेवते, म्हणून पहाटेचा व्यायाम त्या दिवसांत त्या मुलासाठी उन्हे वर आल्यावर ठेवला. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गाद्यांना बुरशीचा वास सुटतो. त्याची खाट ओल्या भिंतीपासून हलविली. सकाळच्या वंदनेच्या वेळी लावल्या जाणाऱ्या अगरबत्त्याही यादीत आल्या. आता वंदना फुले आणि मेणबत्ती यांनी होते आणि अगरबत्ती बाहेरच्या ओट्यावर लावली जाते. यावर शिक्षकांच्या बैठकीत थोडी चर्चा झाली, विरोध कोणीच केला नाही.

खरा वेळ गेला तो पिवळ्या पट्ट्यावर. हिरव्यात करायचे फारसे नसते आणि लाल झाल्यावर काय करावे याबद्दल कोणाला शंका नसते. मूल पिवळ्यात शिरते कधी आणि त्यातून बाहेर कधी पडते, या दोन सीमारेषांवर चुका होतात.

शिरण्याची रेषा आम्ही पाहता-ऐकता येईल अशा खुणांनी आखली. रात्री खोकल्याने जाग येणे, छातीतून घरघर किंवा शिट्टी, खेळता-खेळता थांबून उभे राहणे, ‘छाती आवळते’ असे मुलाने सांगणे, किंवा पीक फ्लो २०० च्या खाली. यांतील एकही खूण दिसली की पिवळा. ‘थोडासा खोकला आहे, सकाळी पाहू’ हे वाक्य वसतिगृहातून हद्दपार करण्यासाठी ‘एकही’ हा शब्द ठळक छापला.

त्यानंतरचा मजकूर डॉक्टरांशी बोलून ठरला. चिठ्ठीत ‘२ पफ’ होते. डॉक्टर म्हणाले, “घरी आई जवळ असते, दवाखाना समोरच्या गल्लीत असतो, तेथे दोनांनी सुरुवात करायला सांगतो. वसतिगृहात रात्रीच्या वेळी चार लिहा.” चार फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडायचे नाहीत, हेही तेव्हाच कळले. पंप हलवायचा, एक फवारा सोडायचा, मुलाने स्पेसरच्या तोंडाशी ओठ घट्ट मिटून पाच-सहा सावकाश श्वास घ्यायचे. मग पुन्हा पंप हलवून दुसरा. अनेक फवारे एकाच वेळी सोडले तर औषधाचे बारीक थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात आणि फुप्फुसापर्यंत थोडेच पोहोचते. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडावेत.

फवाऱ्यांनंतर मुलाचा हात थरथरतो, छातीत धडधडते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे, आणि तो कागदावर लिहिलेला नसेल तर जवळचा माणूस घाबरून पुढचे फवारे थांबवितो. तेव्हा ती ओळ आली. मुलाला आडवे झोपवू नये, सरळ बसवावे. गर्दी करू नये. वाफारा देऊ नये, कारण त्याने आवळलेली नळी उघडत नाही आणि गरम पाणी सांडून भाजण्याचा धोका मात्र असतो. औषध घेतल्यावर त्याला एकट्याला खोलीत परत पाठवू नये.

बाहेर पडण्याची रेषा घड्याळाने आखली. चार फवारे, वीस मिनिटांनी पुन्हा तपासणी. हिरव्या खुणा परतल्या आणि पीक फ्लो २०० च्या वर गेला तर थांबायचे. नाही परतल्या तर आणखी चार. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा तपासणी आणि गरज असल्यास तिसऱ्यांदा चार. एक तास पुरा झाला आणि मूल हिरव्यात आले नाही, तर ते लाल समजायचे. मी आधी ‘एक तासात सुधारणा न झाल्यास’ असे लिहिले होते. डॉक्टरांनी ते खोडले. सुधारणा थोडी होतेच, आणि त्या थोड्या सुधारणेवर माणसे पहाट होण्याची वाट पाहत बसतात. त्यांनी त्या जागी लिहिले, ‘पूर्ण हिरव्यात न आल्यास’. संपूर्ण कागदातील सर्वांत मोलाची दुरुस्ती मी हीच मानतो. तिच्याखाली आणखी एक ओळ आहे : मधल्या कोणत्याही क्षणी मूल बिघडले, तर तास पुरा होण्याची वाट पाहू नये.

मूल तासाभरात हिरव्यात आले तरी काम संपत नाही. स्नायू सैल झाले, सूज तशीच आहे आणि पंपाचा परिणाम तीन-चार तासांनी ओसरतो. म्हणून चार तासांनी पुन्हा तपासणी, रात्र असेल तर त्याला उठवून. आणि त्याआधीच पंपाची गरज पडली तर डॉक्टरांना त्याच क्षणी फोन. सकाळी पालकांना कळवायचे. आठवड्यात दोनांहून अधिक दिवस आराम देणारा पंप लागत असेल, तर झटके किरकोळ असले तरी दमा आटोक्यात नाही असे समजून मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे. हे कळावे म्हणून पंपाशेजारी वही टांगली आहे : तारीख, वेळ, फवारे, सही.

लाल पट्ट्याच्या खुणा मी आधी पुस्तकी भाषेत लिहिल्या होत्या. ‘तीव्र श्वसनकष्ट’ वाचून आमच्या कामाठी मावशींनी विचारले, “म्हंजे नेमकं काय दिसतंय?” त्यांच्या प्रश्नावर मजकूर बदलला. मूल एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नाही, दोन-तीन शब्दांनंतर थांबते. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधील आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते. नाकपुड्या फुलतात. मूल हात टेकून पुढे झुकून बसते, आडवे व्हायला नकार देते. ओठ निळसर किंवा राखाडी होतात. आपल्याकडील सावळ्या मुलांत हा रंग चेहऱ्यावर सहज कळत नाही, म्हणून ओठांची आतील बाजू, जीभ आणि नखे पाहावीत. मूल गुंगीत जाते किंवा असंबद्ध बोलते. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९२ च्या खाली जातो. हे शेवटचे वाचताना एक सावधगिरी हवी : थंड बोटांवर आणि मेंदी किंवा नखरंग लावलेल्या बोटांवर ते यंत्र चुकते, सावळ्या त्वचेवर कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखविते, शिवाय झटक्याच्या सुरुवातीला आकडा चांगलाही असू शकतो. त्यामुळे यंत्रावर ९६ दिसले तरी वरची एखादी खूण असेल तर पट्टा लालच. बोलताही न येणाऱ्या मुलाला पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावण्यात वेळ दवडू नये.

एका खुणेबद्दल थांबून सांगितले पाहिजे, कारण ती उलटी आहे. शिट्टीचा आवाज अरुंद नळीतून हवा वेगाने जाते म्हणून येतो. नळी आणखी आवळली आणि हवाच पुरेशी जात नाहीशी झाली, की शिट्टी थांबते. थकलेले मूल शांत बसलेले दिसते, खोकलाही थांबलेला असतो, आणि भोवतीच्या माणसांना वाटते, उतार पडला. उतार पडलेले मूल बोलू लागते, पाणी मागते, कूस वळून झोपते. शिट्टी थांबली पण बोलणे परतले नाही, तर ती सर्वांत धोक्याची अवस्था. कागदावर ही ओळ चौकटीत आहे : ‘छातीचा आवाज बंद + मूल बोलत नाही = लाल.’

लाल पट्ट्यातील कृती क्रमाने लिहिली. एकाने पंप सुरू करायचा, एकेक करून सहा फवारे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत दर वीस मिनिटांनी सहा फवारे. मूल गुंगीत जाऊ लागले तर खंड न पाडता देत राहायचे. फोनशेजारी शाळेचा पत्ता वाचून दाखविण्याजोग्या दोन वाक्यांत, जवळच्या ठळक खुणेसह लिहून ठेवला, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेचा रस्ता सांगता येत नाही. मुख्य फाटक उघडून बॅटरी घेऊन उभे राहण्याचे काम पहारेकऱ्यांचे. मुख्याध्यापकांना कळवायचे, पण १०८ लावल्यानंतर. या ओळीसाठी व्यवस्थापन समितीचा ठराव घेतला : लाल खुणा दिसल्यास कामाठी, स्वयंपाकी, पहारेकरी, कोणीही परवानगीशिवाय रुग्णवाहिका बोलवावी, आणि बोलावल्यावर ती अनावश्यक ठरली तरी त्याला जाब विचारला जाणार नाही.

राहिले ‘प्रेड ३०?’. प्रेडनिसोलोन हे सूज उतरविणारे पोटात घ्यायचे औषध. किलोला एक ते दोन मिलिग्रॅम असा हिशेब असतो, म्हणून तीस किलोच्या मुलाला किमान तीस. त्याचा गुण यायला काही तास लागतात, त्यामुळे मोठ्या झटक्यात ते लवकर दिलेले बरे. परंतु दर खोकल्याला देत गेले तर मुलाचे नुकसान होते. आम्ही शिक्षक आहोत, असा निर्णय आम्ही घेऊ नये. डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह खोडून लिहिले : ‘फक्त लाल पट्ट्यात, १०८ ला फोन झाल्यावर, मूल गिळू शकत असेल तर एकदाच ३० मिलिग्रॅम, वेळ लिहून रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना सांगावी.’ खाली सही, शिक्का, तारीख, आणि पालकांची संमती. ज्या औषधाबद्दल असे स्पष्ट लेखन नाही, ते शाळेने देऊ नये, हे आमचे धोरण त्या दिवसापासून आहे.

कागदाची परीक्षा पुढच्या जानेवारीत झाली. त्या आठवड्यात मुलाला सर्दी होती आणि जवळच्या रानात पाचट पेटले होते. रात्री एक पन्नासला कामाठी मावशींना खोकल्याचा आवाज आला. कुलूप काढून टाकले असल्याने पंप आणि स्पेसर खाटेशेजारच्या भिंतीवरील पिशवीत होते. पीक फ्लो १७०, म्हणजे पिवळा. चार फवारे दिले. दोन दहाला १८०. आधीपेक्षा बरे, पण २०० नव्हे, आणखी चार. अडीच वाजता मुलगा पुढे झुकून बसला होता. “मावशी… दम…” एवढे बोलून थांबला, आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. मीटरचा आकडा मात्र १५० होता, म्हणजे आकड्याच्या हिशेबाने अजून पिवळाच. मावशींनी आकडा बाजूला ठेवून १०८ लावला, कारण कागदावर तशी ओळ होती : आकडा आणि खुणा यांत फरक पडला तर जे वाईट असेल ते खरे. सहा फवारे, गोळी, दोन पन्नासला पुन्हा सहा. तीनच्या सुमारास रुग्णवाहिका आली. रुग्णालयात प्राणवायू आणि औषधे लागली, आणि चौथ्या दिवशी मुलगा वर्गात होता.

त्या रात्रीनंतर वही उघडून पाहिली. एका रात्रीत वीस फवारे गेले होते. एका पंपात दोनशे असतात. औषध संपल्यावरही पंपातून वायूचा फसफस आवाज येतच राहतो, त्यामुळे आवाजावरून पंप भरलेला आहे असे मानणे धोक्याचे. पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्तीही विश्वासार्ह नाही. आकडा दाखविणारा पंप मिळाल्यास उत्तम, नाहीतर वहीतील बेरीज हाच आधार. वहीत एकशे साठ फवारे झाले की नवा पंप आणायचा, असा आता नियम आहे. पंपाच्या रंगावर विसंबणेही सोडले, कारण कंपनीगणिक रंग बदलतात. दोन्ही पंपांवर मोठ्या अक्षरांत ‘आराम’ आणि ‘रोजचा’ अशा चिठ्ठ्या चिकटविल्या.

स्पेसरची एक चूक आमच्याच हातून होत होती. तो धुऊन आम्ही स्वच्छ फडक्याने पुसत असू. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता उपडा ठेवून वाळू द्यावा. स्पेसर फुटला तर काय, याचे उत्तर केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे : अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर झटक्याच्या वेळी विकतच्या इतकाच उपयोगी ठरला. अशी एक बाटली आम्ही तयार ठेवली आहे. नेब्युलायझर आपल्याकडे आहे, पण साध्या ते मध्यम झटक्यात स्पेसर त्याच्या तोडीचा असतो आणि त्याला वीज लागत नाही.

वीज आणि रस्ता, या दोन्हींचा विचार वाडीत वेगळाच करावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने काय पाहिले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. लाल पट्ट्याचा सर्व मजकूर रुग्णवाहिका येऊ शकते या गृहीतावर उभा आहे. कुरुंदवाड आणि शिरोळकडचे रस्ते पाण्याखाली गेले की ते गृहीत कोसळते. म्हणून कागदाच्या पाठीमागे पुराचा नियम आहे. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की दम्याच्या विद्यार्थ्यांना पालकांच्या संमतीने, पंप, वही आणि कागदासह, पाण्याबाहेरच्या गावी हलवायचे. धोक्याची ४३ फूट पातळी येण्याची वाट पाहायची नाही. हलविणे जमले नाही, तर रस्ता बंद असेपर्यंत पिवळ्यातील पहिल्या चार फवाऱ्यांनंतर मूल हिरव्यात आले नाही की लगेच लाल समजून डॉक्टरांना फोन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या बोटीची मागणी करायची. एरवी एका तासाची असलेली मुदत येथे वीस मिनिटांवर येते, कारण बोटीला लागणारा वेळ त्या तासातूनच वजा होतो.

शेवटी छपाईविषयी. कागदाच्या रंगीत प्रतीवरून कार्यालयाने झेरॉक्स काढल्या, आणि हिरवा व पिवळा पट्टा एकाच राखाडी रंगाचे निघाले. शिवाय स्वयंपाकघरातील एका सहकाऱ्यांना लाल आणि हिरव्यातील फरक दिसत नाही, हे त्याच वेळी कळले. आता प्रत्येक पट्ट्यावर रंगाचे नाव आणि एकेक शब्द मोठ्या अक्षरांत आहे : हिरवा – चालू ठेवा, पिवळा – घड्याळ लावा, लाल – १०८. प्रती चार ठिकाणी आहेत : मुलाच्या खाटेजवळ, स्वयंपाकघरात, क्रीडाशिक्षकांकडे आणि सहलीच्या पेटीत. जूनमध्ये शाळा उघडली की मुलाची उंची वाढलेली असते, सर्वोत्तम आकडा बदललेला असतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यात पुन्हा फुंकून घेऊन २०० आणि १२५ हे आकडे नव्याने काढायचे. यंदा त्या विद्यार्थ्याचा सर्वोत्तम आकडा २८० भरला आहे. नव्या कागदावर २२४ आणि १४० लिहिले असून, डॉक्टरांची सही येत्या सोमवारी व्हायची आहे.